ओटीतला चेक

सगुणाबाई बँकेत शिरली की आमचा शिपाई पाण्याचा माठ भरायला निघून जायचा. माठ भरलेला असला तरी जायचा. कॅशियर मान खाली घालून सुटलेली बंडलं पुन्हा बांधायला घ्यायचा. म्हणजे उरलो मी. माझं टेबल दाराच्या तोंडाशी, आणि माझा स्वभाव असा की कोणी आवाज चढवला की मलाही चढवल्याशिवाय राहवत नाही. वर्तकनगरच्या आमच्या त्या शाखेत दहा वर्षं मी क्लिअरिंगचं काम केलं. त्या दहा वर्षांत बायकोशी भांडलो नसेन इतका या बाईशी भांडलो.

ती मार्केटच्या कोपऱ्यावर सुकी मासळी विकायची. सुकट, बोंबील, करदी. काळीसावळी, उंच, नऊवारी लुगडं गुडघ्याशी कसलेलं, दंडावर गोंदण. बसायची ती गोणपाटावर, पण गिऱ्हाइकाकडे बघायची ती माडीवरून बघितल्यासारखी. "घ्याचं तं घे, नाय तं चिवरू नको." तिच्याकडचा माल चांगला होता हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. माझी आई तिच्याकडूनच सुकट आणायला लावायची, आणि सगुणाबाई मला मुद्दाम रांगेत शेवटी उभं करायची. "बँकेत मना उभी करतंस ना? आता तू ऱ्हा."

माझं नाव तिने कधी विचारलं नाही. मला ती 'चष्म्या' म्हणायची.

तिचा बँकेवर राग का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माहेर तिचं घोडबंदर रोडच्या आत, खाडीकडच्या गावात. बाप मिठागरावर. ही नऊ-दहा वर्षांची असल्यापासून डोक्यावर मिठाची टोपली. मिठाने पायाला भेगा पडायच्या आणि भेगांत पुन्हा मीठ जायचं. भाऊ राघो तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, त्याला कडेवर घेऊन हिने आगरं तुडवली. लग्न होऊन गेली विठ्ठलवाडीकडे. नवरा तिथे एका ठेकेदाराकडे हमाली करायचा. दारू प्यायचा, मारायचा, आणि एक दिवस ट्रक मागे घेताना त्याखाली आला. ठेकेदाराने तेराव्याला सगळ्यांदेखत हिच्या हातात भरपाईचा चेक ठेवला. लोकांनी ठेकेदाराची वाहवा केली. हिला चेक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, हे सोन्यासारखं असतं, जपून ठेवायचं आणि नड पडली की मोडायचं. ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवून दिला. सात-आठ महिन्यांनी नड पडली तेव्हा बँकेत गेली. तिथल्या बाबूने उलटापालटा करून सांगितलं, बाई, याची मुदत गेली, आणि मुदत असती तरी उपयोग नव्हता, कारण याच्यावर सहीच नाही.

ठेकेदार तोवर भिवंडीला गेला होता. त्याने हिला ओळखच दाखवली नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही पाणीसुद्धा फुंकायची. वर्तकनगरला खोली घेऊन धंदा सुरू केल्यावर खातं आमच्याकडे उघडलं, पण प्रत्येक वेळी पासबुकातला आकडा मला तीनदा वाचायला लावायची. दोनदा मला, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलवाल्याला. दोघांचं उत्तर एक आलं की मगच जायची. आम्ही दोघं संगनमताने फसवत असलो तर, अशी शंका एकदा तिच्या मनात आली. त्या दिवशी तिने रांगेतल्या एका परक्या माणसाला वाचायला लावलं. मी संतापून म्हणालो, "बाई, एवढा भरवसा नाही तर पैसे मडक्यात घालून पुरा."

ती म्हणाली, "मडका तुज्यापरीस बरा. मडका उलट बोलत नाय."

हे सगळं त्र्याण्णवच्या आधीचं. त्यानंतर घोडबंदर रोडला जमिनीचे भाव आभाळाला टेकायला लागले. ज्या खारजमिनीत गवतही धड उगवत नव्हतं तिच्यासाठी बिल्डर मोटारी घेऊन गावात यायला लागले. राघोची जमीन एका बिल्डरने इसार देऊन मागितली. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली होती, राघोचं आणि सगुणाचं. बिल्डरचा वकील म्हणाला, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा, मगच उरलेली रक्कम मिळेल.

आता त्या गावांत काय, सगळीकडेच काय, बहीण भावाला हक्क सोडून देते तो साडीचोळीवर. नाही सोडला तर माहेर तुटतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुठल्याही कायद्यापेक्षा पक्कं आहे. सगुणाबाई म्हणाली, "मी बी मीठ वाहिलाय. मना माजा हिस्सा पायजेल." झालं. गावात वणवा पेटला. भावजय शेवंती बाजारातून जाताना हिच्या गोणपाटासमोर थुंकून गेली. हीही कमी नव्हती, तिने मागून ओली गोणी भिरकावली. वर्षभर हे चाललं. गावदेवीच्या जत्रेला हिला बोलावणं नाही, भाऊबीजेला राघो फिरकला नाही. त्या भाऊबीजेला सगुणाबाई नेहमीसारखी धंद्यावर बसली होती. मी सुकट घ्यायला गेलो तर पैसे न घेता म्हणाली, "जा इथून. आज माज्या डोल्यासमोर पुरुष मानूस नको."

शेवटी बिल्डरचा धीर सुटला. त्याचा गावातला दलाल होता चंदू. पांढरे बूट, सोन्याची चेन, आणि तोंडात सतत 'टेन्शन नका घेऊ'. त्याने मधे पडून तोड काढली. राघोने स्वतःच्या खात्यातून बहिणीला अडीच लाख द्यायचे, तिने हक्क सोडायचा. पण हिस्सा म्हणून नाही. हिस्सा दिला म्हटलं असतं तर राघोची गावात छी-थू झाली असती. बहिणीला घरी बोलवायचं, गावासमोर तिची ओटी भरायची आणि चेक ओटीत घालायचा. विधवेला कुंकू लावत नाहीत, तिची ओटी भरत नाहीत, पण माहेरच्या लेकीला चालतं, असं चंदूने गावाला पटवलं. म्हणजे भावाची शान राहते आणि बहिणीचं तोंड बंद होतं.

पुढचा घोळ असा की राघोला भीती, चेक हातात पडला की ही हक्कसोडपत्रावर अंगठा उठवायची नाही. हिला भीती, अंगठा उठवला की चेक हातात पडायचा नाही. दोघं सख्खी भावंडं, एकमेकांना पुरती ओळखून होती. तेव्हा चंदूने त्यांच्या गावातली नवी टूम वापरली. त्या वर्षांत जमिनीचा चेक आला की घरोघर त्याची पूजा व्हायची आणि लग्नाचे फोटो काढणारा येऊन चेकचा फोटो काढायचा. काही घरांत तर तो देवाशेजारी फ्रेम करून लावलेला मी पाहिला आहे. चंदूने तसाच ओटीचा फोटो काढवला आणि सगुणाबाईला पाठवून दिला. चेक तयार आहे, देवापुढे ठेवलाय, डोळ्यांनी बघून घे, दिवस ठरला की ये.

तो फोटो घेऊन ती माझ्या टेबलावर आली. शिपाई माठाकडे गेला.

"चष्म्या, यो बग. यात खोट हाय का सांग."

मोठा, सहा बाय आठचा रंगीत फोटो. पितळी ताट, तांदूळ, हिरवा खण, वर चेक पसरलेला, चेकवर हळदीकुंकवाची बोटं आणि उजवीकडे शेंडीवाला नारळ. फोटोग्राफर हुशार होता, अक्षर न् अक्षर उठलं होतं. मला मात्र आधी हळदीकुंकूच खुपलं. "अहो, चेकवर असलं काही लावतात का? मशीनमध्ये जातो तो!"

"देवाला लावतान. तुज्या मशीनला काय जड जातंय? वाच."

मी भिंग काढलं. चेक तपासायची माझी रीत ठरलेली. तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकडा, सही. रोज शेकडो चेक हाताखालून जायचे, नजर आपोआप त्या वाटेने फिरायची. तारखेच्या जागी कुंकवाचं बोट होतं, पण त्याच्या आजूबाजूला शाईचा ठिपकाही नव्हता. नाव बरोबर, सगुणाबाईचंच, पासबुकात आहे तसं. मग अक्षरी रक्कम. मी वाचली आणि परत वाचली. नंतर चौकोनातला आकडा पाहिला.

"तुमचं कितीवर ठरलंय?"

"अडीच लाख."

"आकड्यात अडीच लाखच आहेत. अक्षरात पंचवीस हजार रुपये फक्त."

तिला शांत बसलेली मी प्रथमच पाहिली आणि मला बरं वाटलं नाही.

मी तिला नीट समजावलं. कायद्याने अक्षर खरं धरतात, आकडा नाही. म्हणजे कायद्याला धरून चाललं तर हा पंचवीस हजारांचा चेक. पण बँका एवढाही विचार करत बसत नाहीत. अक्षर आणि आकडा जुळला नाही की कारणाची चिठ्ठी जोडून चेक सरळ परत पाठवतात. तारखेचं एवढं नाही. तारीख नसली तर टाकता येते, न टाकता भरला तर तोही परत. पण तोवर तिने हक्कसोडपत्र करून दिलेलं असणार. परत आलेला चेक हातात आणि जमीन बिल्डरची.

"आन् सही?" तिने विचारलं.

सहीच्या जागेवर नारळ होता. मी फोटो उजेडात तिरका धरून पाहिला. शेंडीच्या खाली काळी रेघ असल्यासारखी वाटली, पण ती सावलीही असेल.

"दिसत नाही."

"म्हंजे नाय."

"नाही असं मी म्हटलेलं नाही. दिसत नाही म्हटलं. नारळाखाली काय आहे ते फोटोत कसं कळणार?"

"नारल बरोबर सहीवरच कसा बसला? ताट येवरा मोठा हाय. त्यानं सही केलेली नाय, म्हणून नारल ठेवलाय. तू लिवून दे, सही नाय म्हणून."

"मी काहीही लिहून देणार नाही! जे दिसत नाही ते नाही, असं आमच्या धंद्यात म्हणता येत नाही."

"तू बी त्यांचाच," ती ओरडली. "सगला शिकलेला सारकाच. त्या ठेकेदाराच्या येलेला बी असाच येक चष्म्या व्हता."

मीही ओरडलो. एवढं सगळं फुकट वाचून दिलं ते कोणासाठी, असं काहीतरी बोललो. मग आवाज उतरवून सांगितलं, "भावाला आजच निरोप पाठवा. अक्षरातली रक्कम खोडून नीट लिहा म्हणावं, आणि शेजारी पूर्ण सही करा. नाहीतर दुसरा चेक फाडा. पाच मिनिटांचं काम आहे."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "त्यानं लिवलाय, त्यालाच कलूं दे. बगते, माजा भाव मना काय देतो ते."

फोटो तिने पोलक्यात खुपसला आणि ती निघून गेली.

आठ दिवसांनी आमच्या मॅनेजरने मला बोलावलं. गावात चेक वाटला जातोय असा नुसता वास आला तरी हा माणूस फिक्स्ड डिपॉझिटचे फॉर्म घेऊन धावायचा. तो म्हणाला, तुमची ती सगुणाबाई, आज तिला अडीच लाख मिळतायत, तुम्ही तिच्याबरोबर जा आणि दुसऱ्या बँकेच्या हाती लागायच्या आत चेक घेऊन या. मी म्हणालो, ती मला उभा जाळील. तो म्हणाला, जाळून घ्या, पण डिपॉझिट आणा.

राघोच्या जुन्या कौलारू घराशेजारी नवा स्लॅबचा बंगला उभा होता, अजून गिलावा न झालेला. अंगणात मांडव. गावातल्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. दारात जीप तयार ठेवली होती. ओटी झाली की त्याच जीपमधून सगळ्यांनी ठाण्याला रजिस्ट्रारच्या कचेरीत जायचं, असं ठरलं होतं. चंदू स्टॅम्पपेपरची पिशवी काखेत मारून मांडवभर फिरत होता. राघो ओसरीवर बसला होता. काचा मारून नेसलेलं धोतर, नवा शर्ट, आणि चेहरा बहिणीचाच, तेवढाच ताठ. सगुणाबाई आली तेव्हा तो उठला नाही. शेवंतीने पाय धुवायला पाणी दिलं ते तांब्या जमिनीवर आदळून. मी जिथे बसलो तिथे कोणी मला चहासुद्धा विचारला नाही.

ओटीचा एक नियम त्या मांडवातल्या लहान पोरीलाही ठाऊक होता. ओटीत जे पडेल ते पदरात घ्यायचं, गाठ मारायची, नमस्कार करायचा आणि निघायचं. ओटी मोजायची नसते, उघडून बघायची नसते. घेणारीने बघितली म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं.

सगुणाबाई पाटावर बसली. शेवंतीने कुंकू लावलं. खण, तांदूळ, नारळ, आणि राघोने देव्हाऱ्यापुढून स्वतः आणून दिलेला चेक, सगळं तिच्या पदरात पडलं. बायका गाणं म्हणायच्या बेतात होत्या. सगुणाबाईने गाठ मारली नाही. तिने पदर जमिनीवर पसरला, नारळ उचलून बाजूला ठेवला, तांदळातून चेक काढून झटकला आणि मला हाक मारली.

"चष्म्या, इकरं ये. वाच. मोठ्यानं."

वाचलं नाही तर ही खाणार, वाचलं तर गाव खाणार. पण चेक हातात आल्यावर माझी नजर ठरलेल्या वाटेनेच जाते, तिला मी काय करू?

"तारीख नाही," मी म्हणालो.

"तारीख कशी घालनार?" शेवंती उसळली. "फोटू काढला तवा दिस ठरला नव्हता. देवीचा कौल काल सांजला मिललाय!"

"आकडा अडीच लाख. अक्षरी रक्कम पंचवीस हजार."

राघोने मान वर केली. "काय?"

"अक्षरात पंचवीस हजार लिहिलेत. दोन्ही जुळत नाहीत. हा चेक परत येईल."

तो ओसरीवरून उतरून खाली आला आणि माझ्या हातातल्या चेकवर वाकला. बोट ठेवून त्याने आकड्यातली शून्यं मोजली. मिठाचं वजन आयुष्यभर मोजलेला माणूस, आकड्यात तो चुकणारा नव्हता. अक्षरांवर मात्र त्याचं बोट नुसतं फिरलं. मग त्याने चंदूकडे पाहिलं. चेक चंदूने लिहिला होता.

"घाईत झालं असेल, दादा," चंदू म्हणाला. "टेन्शन नका घेऊ, रजिस्ट्रारकडून आलो की दुरुस्त करू."

घाईत तारीख राहते, घाईत एखादं शून्य गळतं. इतक्या वळणदार अक्षरात 'पंचवीस हजार रुपये फक्त' घाईत लिहिलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. पण मी तेही बोललो नाही. मनातलं ओळखणं बँकेच्या कामात बसत नाही.

"आन् सही?" सगुणाबाईने विचारलं. तिचा आवाज आता चढला होता. "सही वाच ना! सही हाय का?"

सही होती. थरथरत्या, एकमेकांवर पडलेल्या अक्षरांत, पण पुरी. राघोने आपलं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही लिहिलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "सही बरोबर आहे."

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला ठेवलेल्या नारळाकडे. तेवढ्यात राघो सुरू झाला.

"तुला ठाव व्हता. फोटू आठ दिस तुज्याकरं व्हता. या सायबाला दाखवलास, व्हय की नाय?"

"व्हय."

"मंग मना का नाय सांगलास? येक निरोप धाडायचास. मी रातच्या राती दुसरा चेक आनून दिला असता. तुला पैसं नव्हतं पायजेल. तुला गावासमोर माजी अब्रू काढायची व्हती."

"मना वाटला..." ती म्हणाली.

"तुला वाटला मी चोर हाय."

तिने नाही म्हणायला हवं होतं. खोटं का होईना, म्हणायला हवं होतं. पण ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

राघो घरात गेला आणि चेकबुक घेऊन आला. चंदू पुढे झाला तर त्याला त्याने असा ढकलला की तो मांडवाच्या खांबावर आदळला. चेकबुक माझ्यासमोर टाकून राघो म्हणाला, "तू लिव. काय चूक ठेवू नको." मी आजची तारीख घातली. नाव लिहिलं. दोन लाख पन्नास हजार रुपये फक्त, अक्षरात, मग आकड्यात, आणि दोन्ही त्याला वाचून दाखवलं. त्याने खाली बसून, मांडीवर चेकबुक धरून सही केली. त्या सहीला इतका वेळ लागला की कोणीतरी खोकलं. जुना चेक त्याने माझ्याकडून घेतला आणि फाडून चुलीत टाकला.

शेवंतीने नवा चेक घालायला पुन्हा तांदूळ उचलले. राघोने तिचा हात धरला.

"नको. ओटी माहेरची लेक घेते. ही येवारी हाय, हिशेब करनारी." त्याने चेक सगुणाबाईच्या समोर जमिनीवर ठेवला. "घे. मोजून घे. आता तुजा माजा काय ऱ्हायला नाय."

तिने चेक उचलला. नारळ, खण, तांदूळ तिथेच राहिलं. जीपमध्ये ती पुढे बसली, राघो मागे. रजिस्ट्रारच्या कचेरीत तिने अंगठे उठवले, त्याने सह्या केल्या, चंदू साक्षीदार म्हणून दात काढत उभा राहिला. दोघं भावंडं एकमेकांशी अक्षर बोलली नाहीत.

तिने माझ्या हाती दिलेला चेक मी दुसऱ्या दिवशी क्लिअरिंगला पाठवला. मॅनेजरने माझी पाठ थोपटली, त्याचाही मला रागच आला.

त्यानंतर तीन दिवसांनी दुपारी ती आली. धंद्याची टोपली दारात ठेवून थेट माझ्या टेबलाशी. पासबुक पुढे केलं नाही.

"चष्म्या, चेक पास झाला?"

"झाला. पैसे जमा झाले."

"नीट बगितलास? तारीख?"

"तारीख बरोबर."

"अक्षर, आकडा?"

"दोन्ही जुळले."

"सही?"

"सहीही जुळली. बाई, काहीच चूक नव्हती त्यात. मीच लिहिला होता ना?"

मला वाटलं, आता ती शेजारच्या टेबलवाल्याला विचारणार. तिने नाही विचारलं. पोलक्यातून तो फोटो काढला, कुंकू लावलेला चेक, हिरवा खण, नारळ, आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवला. तिच्या बोटांना सुकटीचा वास येत होता. मग ती बाकावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. शिपाई माठ घेऊन उभाच राहिला. मी उठून तिच्यापाशी गेलो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून चिडून म्हणालो, "अहो, पैसे मिळाले तुम्हाला, रडताय काय?"

ती माझ्यावर खेकसली. तसंच, नेहमीसारखं.

"येक तरी चूक ठेवायची व्हतीस मुडद्या! चेक परत आला असता, तं भांडाया तरी त्याच्या दारात गेली असती."